तिरकी दोरी आणि बारा बाय आठचं अंगण

कबड्डीचं पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतं. खो-खोचं त्याहून मोठं, सत्तावीस बाय सोळा. आपले देशी खेळ कमी जागेत खेळता येतात असं आपण अभिमानाने सांगतो, पण शहरातल्या कितीतरी शाळांच्या अंगणात हे कमी जागेतले खेळसुद्धा नियमाप्रमाणे मावत नाहीत. दादर-परळकडच्या जुन्या इमारतीतली शाळा घ्या, पुण्याच्या पेठेतली घ्या, नाहीतर रहिवासी सोसायटीच्या तळमजल्यावर भरणारी घ्या. तिन्ही बाजूंना भिंती, एका बाजूला व्हरांडा आणि मधे शहाबादी फरशीचा चौकोन. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण सोमवारी तिसऱ्या तासाला पाचवीची चाळीस मुलं खाली उतरतात, तेव्हा शिक्षकासमोर अनुसूची नसते, तो चौकोन असतो.

अशा चौकोनासाठी पाठ कसा आखायचा, हा या पुस्तिकेचा विषय. ती वाचणाऱ्या बहुतेकांनी बी.पी.एड.च्या वर्षात ढिगाने पाठ टाचणं लिहिली असतील. त्या टाचणांमध्ये मैदान गृहीत धरलेलं असतं. शिवाय एक सरासरी विद्यार्थीही गृहीत धरलेला असतो, ज्याला सगळं थोडं थोडं जमतं. छोट्या अंगणात या दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात, आणि एकाच वेळी ठरतात. म्हणून जागेचा प्रश्न एका प्रकरणात आणि वेगवेगळ्या क्षमतांच्या मुलांचा प्रश्न दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी इथे केलेली नाही. कारण दोन्हींचं उत्तर बहुधा फरशीवरच्या त्याच खडूच्या रेषेत सापडतं. या प्रस्तावनेत मी एकच पाठ घेतो, चेंडू फेकणं आणि झेलणं, आणि तो शेवटपर्यंत उलगडून दाखवतो. पुढचे पाठ याच रीतीने वाचावेत.

आधी एका विचाराची ओळख करून दिली पाहिजे. मस्का मॉस्टन यांचं 'टीचिंग फिजिकल एज्युकेशन' हे पुस्तक १९६६ साली निघालं. शिकवण्याच्या पद्धतींची मांडणी करताना त्यांनी उंच उडीच्या दोरीचं उदाहरण दिलं. दोन मुलं दोरी आडवी, सरळ धरतात. सगळे त्यावरून उडी मारतात. मग दोरी थोडी वर घेतात, आणखी वर घेतात. दर वेळी काही मुलं बाद होऊन बाजूला बसतात. गंमत अशी की ज्यांना उडीच्या सरावाची सर्वात जास्त गरज असते तीच सर्वात आधी बसतात, आणि शेवटी ज्याला सरावाची फारशी गरज नाही तो एकटा उड्या मारत राहतो. आता तीच दोरी तिरकी धरा. एक टोक जमिनीजवळ, दुसरं छातीशी. प्रत्येक मूल आपल्याला झेपेल त्या जागी जाऊन उडी मारतं. कुणीही बाद होत नाही, आणि उंचीची आव्हानं सगळी शिल्लक राहतात. मॉस्टन यांनी यातून समावेशनाची पद्धत मांडली: काम एकच, पातळ्या अनेक, आणि पातळी निवडायचा अधिकार मुलाचा.

आपल्याकडच्या तासांमधली 'सरळ दोरी' ओळखायला फार शोधावं लागत नाही. सगळ्यांनी तीन मीटरवरून चेंडू झेलायचा. सगळ्यांनी दहा दोरीउड्या मारायच्या. ज्याचा चेंडू सुटला तो बाहेर. अंगण लहान असलं की ही सरळ दोरी आणखी घट्ट होते, कारण शिक्षकाला गोंधळाची धास्ती असते आणि धास्तावलेला शिक्षक मुलांना रांगेत उभं करतो. त्या रांगेचा हिशोब एकदा करून पाहावा. चाळीस मुलं, दहा-दहांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेला एक चेंडू. एका मुलाच्या पाळीला दहा सेकंद लागतात असं धरलं, तर त्याचा नंबर दर शंभर सेकंदांनी येतो. बारा मिनिटांत सात पाळ्या. त्यातल्या चार वेळा चेंडू सुटला, तर त्या मुलाने त्या तासात तीन झेल घेतले. तीन झेलांत कुणी काही शिकत नाही. मात्र आपल्याला झेल येत नाही हे सगळ्यांदेखत कळायला तेवढे पुरतात.

आता आपलं अंगण. लांबी बारा मीटर, रुंदी आठ. चाळीस मुलं, त्यात एक मुलगी कुबड्या घेऊन चालणारी, एकाला फार अंधुक दिसतं, एकीची डावी बाजू अशक्त आहे आणि तो हात वर येत नाही. दोघं-तिघं क्रिकेटच्या शिबिराला जाणारे आहेत, त्यांना हे सगळं पोरकट वाटणार. उरलेल्यांतही अंगावर चेंडू आला की डोळे मिटणारी पाच-सहा असतातच, फक्त त्यांची नोंद कुठे नसते. तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे जिने उतरणं आणि चढणं वजा जाता हातात एकोणतीस-तीस मिनिटं.

पहिला निर्णय साधनाचा, आणि तो जागेमुळे आपोआप ठरतो. छोट्या अंगणात खरा शत्रू टप्पा. टेनिसचा चेंडू सुटला की भिंतीवर आपटतो, तीन जणांच्या पायांतून जातो, गटारीच्या जाळीपाशी थांबतो. त्याच्या मागे धावणारं मूल दुसऱ्याच्या फेकीच्या मधे येतं. तास बिघडतो तो इथून, मुलांच्या बेशिस्तीतून नव्हे. म्हणून सुरुवात पडला की तिथेच मरणाऱ्या चेंडूने करायची. वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान चुरगळून गोळा करावं, जुन्या मोज्यात कोंबून तोंडाला गाठ मारावी. असे चाळीस चेंडू मुलं आदल्या तासाला वर्गातच करतात. दुसरं साधन धान्याची थैली: जाड कापडाची, तळहाताएवढी, आत शंभर-सव्वाशे ग्रॅम ज्वारी, सैल भरलेली. घट्ट भरली तर ती हातावरून उडते. सैल असली की बोटांत बसते, आणि झेल म्हणजे काय ते हाताला पहिल्यांदा कळतं. तिसरा टेनिसचा चेंडू, पण तो नंतर. फुगे आणि पातळ ओढण्याही हाताशी असाव्यात. त्या सावकाश खाली येतात, त्यामुळे डोळ्यांना आणि हातांना विचार करायला वेळ मिळतो. पहिलीच्या वर्गाबरोबर मी ओढणीशिवाय झेल शिकवायला सुरुवातच करणार नाही. पाचवीत ती दोघा-चौघांनाच लागते, तीही थोडा वेळ.

पहिली पाच मिनिटं प्रत्येकाकडे स्वतःचा कागदी चेंडू आणि उभं राहायची स्वतःची जागा. डोक्याच्या थोडं वर उडवायचा आणि दोन्ही हातांनी झेलायचा. मग उडवून एक टाळी, मग दोन. मग उडवून खांद्यांना हात लावून झेल. कुबड्या घेणारी मुलगी हे खुर्चीवर किंवा व्हरांड्याच्या पायरीवर बसून करते, आणि तिची दोन टाळ्यांपर्यंतची प्रगती बहुधा इतरांसारखीच असते, कारण हात तिचे भक्कम असतात. हे अंग गरम करणं आहेच, पण शिक्षकासाठी ती तपासणीही आहे. या पाच मिनिटांत शिट्टी खिशात ठेवावी आणि फक्त बघावं. कोण चेंडूऐवजी आकाशाकडे बघतंय? कुणाचा चेंडू दर वेळी पुढेच जातो आणि ते त्याच्यामागे चालत राहतं? कोण चेंडू छातीशी कवटाळतंय? चेंडू छातीशी कवटाळणं ही झेल शिकण्यातली लहान मुलांची स्वाभाविक पायरी असते. पाचवीतलं मूल तिथे अडकलं असेल तर त्याला कुणी मऊ, मोठा, हळू चेंडू पुरेसा दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यानंतरची बारा मिनिटं हा पाठाचा गाभा. खडूने किंवा फक्कीने दोन रेषा आखायच्या, पण समांतर नाही. अंगणाच्या बारा मीटर लांबीत दोन्ही टोकांना एकेक मीटर सोडलं की दहा मीटर उरतात. त्यात एकेक मीटर रुंदीच्या दहा गल्ल्या होतात. डावीकडच्या पहिल्या गल्लीत त्या दोन रेषांमधलं अंतर दीड मीटर. पुढच्या प्रत्येक गल्लीत ते तीस सेंटीमीटरने वाढतं. दहाव्या गल्लीत ते चार मीटर वीस सेंटीमीटर होतं. वरून पाहिलं तर लांबट, तोंड उघडलेला कर्णा दिसेल. हीच आपली तिरकी दोरी, जमिनीवर झोपवलेली.

प्रत्येक गल्लीत चार मुलं. दोघं रेषांवर समोरासमोर उभी राहून फेकतात आणि झेलतात. उरलेली दोघं त्यांच्या मागे, भिंतीपासून हातभर पुढे, एका गुडघ्यावर बसतात. आमच्यात त्यांना अडवे म्हणतात. अडव्याची कामं दोन: सुटलेला चेंडू अडवून परत द्यायचा, आणि समोरच्याचे झेल मोठ्याने मोजायचे. नव्वद सेकंदांनी शिट्टी, मग अडवे पुढे आणि पुढचे मागे. बारा मिनिटांत आठ फेऱ्या होतात, प्रत्येकाच्या वाट्याला चार. म्हणजे हातात चेंडू असलेली सहा मिनिटं. दर चार सेकंदांना एक फेक धरली तर त्या सहा मिनिटांत नव्वद फेकी, प्रत्येकी पंचेचाळीस. गळती, हसणं, बुटाची लेस हे सगळं वजा केलं तरी तिशीच्या वर झेलांचे प्रयत्न होतात. रांगेत सात होत होते. अंगण तेच आहे.

सगळ्यांची फेक एकाच दिशेने, अंगणाच्या रुंदीवर असते; कुणाचा चेंडू कुणाच्या पाठीवर येत नाही. फेक खालून, काखेखालच्या झोक्याने. उजव्या हाताने फेकत असेल तर डावा पाय पुढे, हात मांडीजवळून घासत पुढे यावा, चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीपर्यंत चढून मग खाली उतरावा. झेलणाऱ्याला शब्द दोनच द्यायचे. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे शेजारी, कमरेच्या खाली आला तर करंगळ्या शेजारी. आणि हाताला लागताच कोपर वाकवून आत घ्यायचा. हे नीट बसेपर्यंत तिसरी सूचना देऊ नये. शिक्षकाने एका तासात सात सूचना दिल्या तर मुलं एकही लक्षात ठेवत नाहीत, आणि आपण खूप शिकवलं असं शिक्षकाला वाटत राहतं.

आता निवड. पाच मिनिटांच्या तपासणीनंतर मुलांना सांगायचं की आपली गल्ली आपण निवडा. इथे दोन गोष्टी हमखास घडतात. एक, क्रिकेटवाली मुलं धावत रुंद टोकाला जातात आणि त्यांच्यामागे त्यांच्यासारखं दिसू इच्छिणारी दोघं-चौघं जातात. दोन, अरुंद टोक हे 'न जमणाऱ्यांचं' टोक होऊन बसतं. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. तिरक्या दोरीचा हा एक दोष मॉस्टन यांच्या पद्धतीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जागेवरून पातळी दिसली की पातळीवरून मूल ओळखलं जातं. त्यावर उपाय असा की अवघडपणा एकट्या अंतरावर अवलंबून ठेवायचा नाही. प्रत्येक गल्लीत कागदी चेंडू, ज्वारीची थैली आणि टेनिसचा चेंडू अशी तीनही साधनं ठेवायची. शिवाय दोन हातांनी झेल, एका हाताने झेल, न आवडत्या हाताने झेल, फेकण्याआधी टाळी, असे पर्याय पाटीवर लिहून भिंतीला टेकवून ठेवायचे. मग दीड मीटरवर उभं असलेलं मूल डाव्या हाताने टेनिसचा चेंडू झेलत असतं आणि चार मीटरवरचं मूल दोन हातांनी कागदाचा. बघणाऱ्याला कोण पुढे, कोण मागे ते सांगता येत नाही. कुणाला सांगायची गरजही नसते. सुरुवातीला मी मुद्दाम एखाद्या पटाईत जोडीला अरुंद टोकाला उभं करून एका हाताचं काम देतो. ते टोक त्यानंतर कुणाला खुपत नाही.

निवड चुकली आहे हे मुलाला कसं सांगायचं? सांगायचं नाही, विचारायचं. "दहातले किती?" अडव्याने मोजलेलेच असतात. दहातले सात-आठ जमत असतील तर जागा बरोबर आहे. पाच किंवा कमी जमत असतील तर काहीतरी एक सोपं करा. सलग दहाचे दहा जमले तर काहीतरी एक अवघड करा. 'एक' या शब्दावर माझा जोर आहे. अंतर वाढवून शिवाय चेंडूही बदलला, तर बिघाड कशाने झाला ते ना मुलाला कळतं ना शिक्षकाला. सात-आठचा आकडा कुठल्या ग्रंथातून आलेला नाही, तो कामचलाऊ आहे. पण त्याने एक फार मोठं काम होतं: निकाल शिक्षकाच्या तोंडून न येता मुलाच्याच मोजणीतून येतो, आणि दिखाव्यासाठी रुंद टोकाला गेलेला मुलगा "तीन" म्हणाला की स्वतःच थैली उचलतो.

गल्ली बदलायची परवानगी मात्र दर फेरीला देऊ नये. चाळीस जण एकाच वेळी हलले की अंगण फुटतं. चार फेऱ्या झाल्यावर एकदा थांबायचं. ज्या जोडीला लांब हवं ती हात वर करते, ज्या जोडीला जवळ हवं तीही करते, आणि अदलाबदल जुळली तर जागा बदलतात. न जुळल्यास जागा तीच, साधन वेगळं. रेषेच्या पुढे सरकून कधीही उभं राहता येतं. मागे जायचं तर अडव्याला विचारून.

चूक बघून नेमका बदल करणं हे या पाठातलं खरं कौशल्य, आणि त्यावर पुस्तिकेत बरीच पानं दिली आहेत. इथे दोनच नमुने. मूल चेंडू येताना तोंड फिरवतंय, डोळे मिटतंय, तर ती भीती आहे. अशा वेळी आपण सहसा त्याला जवळ बोलावतो. जवळ आलं तरी टेनिसचा चेंडू टेनिसचाच राहतो, उलट तो लवकर येतो. इथे अंतर कमी करायचं नसतं, वस्तू बदलायची असते. ओढणी किंवा कागदी चेंडू द्या, तोंड समोर राहू लागलं की थैली द्या. दुसरा नमुना: चेंडू हातावर आपटून परत उडतो. हात सरळ, काठीसारखे ताणलेले असतात. त्याला अंतर, वस्तू काहीच बदलू नका. चेंडू झेलून पोटापर्यंत घेऊन जायला सांगा, दहा वेळा. बहुधा तेवढ्यात सुटतं. आणि झेल सुटण्याची फार मोठी संख्या झेलणाऱ्यामुळे होतच नाही, फेकणाऱ्यामुळे होते. गुडघ्याशी आलेला सपाट, जोरदार चेंडू कुणीही सोडेल. म्हणून अडव्याला कधीकधी झेल मोजण्याऐवजी समोरच्याच्या 'चांगल्या फेकी' मोजायला लावायच्या. फेक सुधारली की समोरच्याचा झेल काही न शिकवता सुधारतो.

ज्या मुलांची नावं शिक्षकाच्या वहीत वेगळ्या रकान्यात असतात, त्यांच्यासाठी वेगळा पाठ नाही. कुबड्या घेणारी मुलगी खुर्चीवर बसून खेळते. अरुंद टोकाच्या गल्ल्यांमध्ये रेषेच्या मागे तीन मीटरच्या वर मोकळी जागा उरते. हा तिरक्या आखणीचा आणखी एक फायदा. तिथे खुर्चीही मावते आणि कुबड्या कुणाच्या पायात न येता शेजारी ठेवता येतात. डावी बाजू अशक्त असलेली मुलगी उजव्या हाताने चेंडू छातीशी दाबून झेलते. तिच्यासाठी तो पूर्ण झेल आहे, अर्धा नाही, आणि अडव्याने तो तसाच मोजायचा. अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी कागदी चेंडू कुरकुर वाजणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. फेकणारा आधी त्याचं नाव घेतो, मगच फेकतो. शक्य असेल तर त्याच्या मागची भिंत एका रंगाची असावी आणि त्याने उन्हाकडे पाठ करून उभं राहावं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांइतक्याच द्यायचं बंधन शाळेवर घातलेलं आहे. अनेक शाळांमध्ये ते बंधन त्या मुलाच्या हातात गुणफलक देऊन, नाहीतर शिट्टी देऊन पूर्ण झालं असं मानलं जातं. गुणफलक धरणं म्हणजे खेळणं नव्हे. अडव्याची पाळी मात्र सगळ्यांना आहे, आणि ती करताना हातात चेंडू येतच राहतो.

शेवटची आठ मिनिटं खेळाची, आणि ती कुठल्याही कारणाने कापू नयेत. समोरासमोर झेल ही मापून दिलेली गोष्ट आहे. खेळात चेंडू कुठून येईल ते ठरलेलं नसतं. कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, हे ठरवायला लागल्याशिवाय झेल शिकून झाला असं म्हणता येत नाही. बारा बाय आठच्या अंगणात तीन बाय चार मीटरचे आठ चौकोन बसतात. पाच मुलं एका चौकोनात. चार जण चार कोपऱ्यांत, रेषेच्या अर्धं पाऊल आत, एक जण मधे. कोपऱ्यातले चेंडू एकमेकांना देत राहतात, मधला तो अडवतो. मधल्याने फक्त चालायचं. धावायची परवानगी दिली की पहिल्या मिनिटात कुणाचं तरी कपाळ शेजारच्या चौकोनातल्याच्या कोपरावर आपटतं. कोपऱ्यातल्याने चेंडू घेऊन पाऊल टाकायचं नाही. फेक खांद्याच्या खालून. मधल्याने अडवला की फेकणारा मधे. पण एखादा पाच फेऱ्यांत तीनदा मधे गेला तर त्याच्या चौकोनात चेंडू बदला: टेनिसच्या जागी थैली, थैलीच्या जागी कागद. एका चौकोनात मधला माणूस काढून टाकून चौघांऐवजी पाचांनी नाव घेऊन फेकायचं, असंही करता येतं. तिथेही ठरवावं लागतंच. सगळे आठ चौकोन एकच खेळ खेळत असतात, आणि त्यातले दोन कधीच सारखे नसतात.

या सगळ्यात जे होत नाही ते लपवू नये. खांद्यावरून, पूर्ण ताकदीने, धड वळवून केलेली लांब फेक या अंगणात शिकवता येत नाही. आणि ती चार मीटरवरून 'अचूक' करायला लावली तर उलट बिघडते. नेम धरायच्या नादात मूल खांदा आवळतं, पाय रोवून ठेवतं आणि नुसत्या मनगटाने ढकलतं. ही सवय पुढे मोठ्या मैदानावर गेल्यावरही सुटत नाही. त्यासाठी अंगणाची एक भिंत मोकळी ठेवून एका वेळी पाच मुलांनी मोज्याचे चेंडू भिंतीवर जोरात मारावेत, नेम न धरता, जितका मोठा 'धप' आवाज निघेल तितका काढत. बाकीची मुलं तोवर व्हरांड्यात दोरीउड्या. तेवढंही पुरेसं नाही. महिन्यातून एकदा जवळच्या मैदानावर नेण्याला पर्याय नाही. दम वाढवणाऱ्या सलग धावण्याचंही तेच. जागच्या जागी उड्या मारून त्याची भरपाई होते असं मुख्याध्यापकांना सांगणारं कुणी भेटलं, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. ही आखणी पहिल्या वेळी करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती तासात करायची नसतात. रेषांची टोकं फरशीवर तैलरंगाने ठिपके देऊन एकदाच नक्की करून ठेवावीत. मग दर वेळी नुसता खडू ओढायचा. साधनं दहा पिशव्यांत आधीच वाटून ठेवलेली असावीत, एका गल्लीला एक पिशवी. पिशव्या आणायला दहा जण, ठेवायला तेच दहा. पावसाळ्यात शहाबादी ओली असेल तर गल्ल्यांचा भाग व्हरांड्यात आणून पाचच गल्ल्या करा. अर्धा वर्ग तिथे, अर्धा वर्गात बाकांवर बसून स्वतःच उडवून झेलण्यावर.

तास संपल्यावर टाचणाच्या वहीत मी तीन ओळी लिहितो: आज कोण कुठल्या गल्लीत आणि कशाशी खेळलं, कुणाचा आकडा कितीवर थांबला, आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी कोणतं एक बदलायचं. चाळीस जणांचं रोज लिहिणं शक्य नसतं. एका तासाला एका गल्लीचे चौघं पुरतात. दहा तासांत वर्ग एकदा फिरतो. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरा तक्ता दिला आहे. पुढचे पाठ, दोरीउड्या, लंगडी, तोल आणि उडी, याच अंगणात याच गल्ल्यांवर बसवलेले आहेत, त्यामुळे ठिपके पुन्हा द्यावे लागणार नाहीत. लंगडीत मात्र रेषा उलट्या दिशेने वाचाव्या लागतात, रुंद टोक नवशिक्यांना. त्याचं कारण त्या पाठात सांगितलं आहे.